फराळाच्या कंटेंट कॅलेंडरची तपासणी : ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

डोंबिवलीतला घरगुती फराळाचा व्यवसाय. काकू आणि त्यांच्यासोबतच्या चार बायका स्वयंपाकघर सांभाळतात, त्यांची सून (माझी वहिनी) इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस बघते. वहिनीने गुगल शीटमध्ये सहा महिन्यांचं कॅलेंडर मेहनतीने भरलं होतं. पोस्ट नेमाने जात होत्या, पण काकूंचं म्हणणं एकच होतं: "लाइक येतात, ऑर्डर मात्र जुन्याच लोकांच्या." दिवाळीच्या आत ते कॅलेंडर तपासायचं ठरलं. अशाच छोट्या व्यवसायाचं कॅलेंडर कुणी हातात घेतलं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१७ ऑगस्ट, रविवार

आधी झालेल्या पोस्ट. १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात ५२ पोस्ट गेल्या होत्या. एकसारख्या पोस्ट सापडाव्यात म्हणून कॅप्शनच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं:

```
=COUNTIF($D$2:$D$53,$D2)>1
```

जेमतेम चार ओळी रंगल्या. कारण सरळ आहे. वहिनी जुनं कॅप्शन उचलते, त्यात एखादी इमोजी बदलते, "ताजी" ऐवजी "खमंग" लिहिते. शीटला ती वेगळी पोस्ट वाटते, बघणाऱ्याला तीच.

म्हणून शीटमध्ये नवा रकाना केला, "बघणाऱ्याला काय कळलं?", आणि प्रत्येक पोस्ट उघडून तीन-चार शब्दांत उत्तर लिहिलं. याला अख्खी दुपार गेली, पण याला पर्याय दिसला नाही. रकाना क्रमाने लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. १९ पोस्ट शुभेच्छांच्या. १७ पोस्टमध्ये पदार्थाचा फोटो आणि "ऑर्डरसाठी संपर्क करा". सहा सवलतीच्या, पाच बनवण्याच्या रील, पाच इतर. त्या १७ पैकी ११ पोस्टमध्ये पितळी ताटातली चकली किंवा बेसनलाडू, एकाच कोनातून, एकाच टेबलावर.

म्हणजे दोन महिन्यांत बघणाऱ्याला दोनच गोष्टी कळल्या: आज कुठला तरी दिवस आहे, आणि यांच्याकडे चकली मिळते.

१८ ऑगस्ट

प्रोफाइलची ग्रिड फोनवर नुसती वरून खाली पाहिली. शीटमध्ये न दिसणारी एक गोष्ट इथे सापडली. या वर्षी जानेवारीत इन्स्टाग्रामने ग्रिडमधले चौकोन उभे केले. वहिनीचे शुभेच्छांचे आणि दरांचे साचे अजून चौरसच आहेत, त्यामुळे ग्रिडमध्ये त्यांच्या दोन्ही कडा कापल्या जातात. "भाजणीची चकली" या शीर्षकाचा पहिला 'भ' आणि शेवटची वेलांटी गायब. दर उजव्या कडेला लिहिलेला, "₹ ४८" एवढाच दिसतो, पुढचं शून्य कापलेलं. पोस्ट उघडली की सगळं नीट दिसतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साचा १०८० × १३५० पिक्सेलचा केला आणि मजकूर कडांपासून आत घेतला. जुन्या पोस्टना हात लावला नाही. फक्त दरपत्रकाची पोस्ट नव्याने टाकून वर पिन केली.

२० ऑगस्ट

आज उद्दिष्टांचा रकाना. कॅलेंडरमध्ये तो होता, पण ५२ पैकी ४१ ओळींत "ब्रँड अवेअरनेस" किंवा "एंगेजमेंट" लिहिलं होतं. हे शब्द वहिनीने एका तयार साच्यातून घेतले होते. त्यावरून पोस्ट जमली की फसली हे ठरवता येत नाही, कारण चार जणांनी हृदय दाबलं तरी एंगेजमेंट झालीच.

रकान्याचं नाव बदलून "हे पाहून माणसाने काय करायचं?" असं ठेवलं. उत्तर क्रियापदात हवं: ऑर्डर द्यायची, दर विचारायचा, तारीख लक्षात ठेवायची, पोस्ट जपून ठेवायची, कुणाला तरी पाठवायची. शेजारी दुसरा रकाना, "ते कुठे दिसेल?" सेव्ह आणि शेअर इनसाइट्समध्ये दिसतात, ऑर्डर व्हॉट्सॲपवर.

वहिनी आणि मी सोबत बसून जुन्या पोस्टना हा प्रश्न लावला. १९ शुभेच्छांपैकी एकीचंही उत्तर लिहिता आलं नाही. गुरुपौर्णिमेची पोस्ट तर पैसे देऊन बूस्ट केली होती, १,२०० रुपये. उद्दिष्ट 'प्रोफाइल भेटी', लोकवस्ती 'महाराष्ट्र'. हे लोक घरपोच पाठवतात ते फक्त ठाणे ते कल्याण, बाकी ठिकाणी कुरिअर, आणि त्या पोस्टमध्ये पदार्थाचं नावही नव्हतं. लाइक भरपूर आले, कुठल्या कुठल्या गावांहून. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर नवीन नंबरवरून आलेले मेसेज तीन, आणि ते त्या पोस्टमुळे आले का हे शोधायला काहीच साधन नव्हतं.

२१ ऑगस्ट

ते साधन आज केलं. कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी इन्स्टाग्रामवर ती दाबता येत नाही, आणि कॅलेंडरमधल्या सगळ्या ऑर्डरच्या पोस्टमध्ये लिंक कॅप्शनमध्येच होती. आता ती बायोमध्ये आणि स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये. मेसेज आधीच लिहिलेला उघडावा म्हणून असा पत्ता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=ANARASE
```

आधी मराठी वाक्य घालून पाहिलं. पत्ता कॉपी केला की अक्षरांच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि कुठेतरी तुटते. म्हणून रोमन लिपीतला एकच शब्द, प्रत्येक पदार्थासाठी वेगळा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्याच नावाची लेबलं केली.

याला मर्यादा आहे. बरेच लोक तो शब्द पुसून "काकू, अनारसे मिळतील का?" असं स्वतःचं लिहितात, किंवा नंबर सेव्ह करून दोन दिवसांनी मेसेज करतात. काकूंना विनंती केली की नवीन माणसाला "कुठे पाहिलंत?" एवढं विचारा आणि लेबल लावा. त्यांना ते सहज जमतं, नाहीतरी त्या चौकशी करतातच.

२४ ऑगस्ट, रविवार

वेळेचा विषय. वहिनीची समजूत अशी की पोस्ट सकाळी अकराला जातात, तिथेच घोळ आहे. इनसाइट्समध्ये तिचे फॉलोअर रात्री नऊच्या सुमारास सर्वांत जास्त दिसतात, आणि ते पटण्यासारखं आहे. लोकलने येऊन, जेवणं उरकून मग फोन हातात. पुढच्या पोस्ट साडेआठला लावल्या. फुकट होणारी सुधारणा आहे, करून टाकावी. पण एवढ्या थोड्या पोस्टमध्ये त्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही, त्यामुळे तिथे अडकून राहिलो नाही.

खरी वेळ वेगळीच निघाली. काकूंना विचारलं, गेल्या दिवाळीत किती जणांना नाही म्हणालात? त्यांनी वही काढली: २३ जणांना, आणि सगळे शेवटच्या आठवड्यातले. दिवसाला बारा किलोच्या वर चकली होत नाही. भाजणी भाजायला आणि चकली पाडायला हात तेवढेच आहेत. म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात "आजच ऑर्डर करा" म्हणणाऱ्या पोस्टने काकूंना ऑर्डर मिळत नाहीत, नकार द्यावे लागतात. आणि कॅलेंडरमध्ये नेमक्या तिथेच सर्वांत जास्त पोस्ट होत्या.

या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २१ आणि भाऊबीज २३. कॅलेंडर सणाच्या तारखेकडे पाहून भरलेलं होतं. ते काकूंच्या कढईकडे पाहून भरायला हवं होतं.

२६ ऑगस्ट

पदार्थागणिक मागे मोजत गेलो. सर्वांत शिकवणारं उदाहरण अनारशांचं, म्हणून ते पूर्ण लिहितो.

कॅलेंडरमध्ये अनारशांची पोस्ट १४ ऑक्टोबरला होती: "अस्सल तुपातले अनारसे, आजच ऑर्डर करा." काकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, चौदाला सांगितलं तर मी देव दिवाळीला देईन." मग त्यांनी सांगितलं तसं मांडलं. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून कापडावर सावलीत पसरायचा, किंचित दमट असतानाच दळायचा, चाळून गूळ मिसळून गोळा करायचा. तो गोळा निदान पाच-सहा दिवस मुरायला हवा. कच्च्या पिठाचा अनारसा तुपात सोडला की हसतो, म्हणजे पसरून विरघळतो, आणि तूप वाया.

घरपोच पाठवणी १३ ऑक्टोबरपासून. म्हणजे तळणं १२ ला सुरू. गूळ मिसळायचा ६ ला. तांदूळ भिजत घालायचा ३ ला. आणि तांदूळ किती भिजवायचा हे कळायला ऑर्डर २ ला बंद. २ ऑक्टोबरला दसरा आहे, त्यामुळे "अनारशांची ऑर्डर दसऱ्यापर्यंत" ही ओळ आपोआप मिळाली. बघणाऱ्याच्याही लक्षात राहते.

शीटमध्ये "ऑर्डरची शेवटची तारीख" हा रकाना F मध्ये घातला, पोस्टची तारीख B मध्ये आहेच. मग G मध्ये एवढंच:

```
=F2-B2
```

उणे आकडा आला की पोस्ट उशिराची. चारपेक्षा कमी आला तरी उपयोग नाही, कारण पोस्ट सगळ्यांपर्यंत पोचायला आणि घरात विचारून ठरवायला तेवढे दिवस जातातच. ऑक्टोबरच्या नऊ ऑर्डर-पोस्टपैकी पाच उणे निघाल्या. या एका रकान्याने जेवढं काम केलं तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळून केलं नाही.

२९ ऑगस्ट

परदेशी पार्सलचा पेच. काकूंचे बरेच ग्राहक मुलांना फराळ पाठवतात: दुबई, लंडन, सिंगापूर, आणि सर्वांत जास्त अमेरिका. दिवाळीच्या गर्दीत कुरिअरवाला दहा दिवस धरायला सांगतो. १५ ऑक्टोबरपर्यंत पोचवायचं तर ४ ला निघायला हवं, म्हणजे ऑर्डर २४ सप्टेंबरला बंद.

पण कॅलेंडरमध्ये "दिवाळी बुकिंग सुरू" १० सप्टेंबरला होतं, ऐन पितृपक्षात. काकूंचा ठाम नकार. त्यांचे जुने ग्राहक पंधरवड्यात दिवाळीची ऑर्डर देत नाहीत, आणि तसं जाहीर करणं त्यांना बरंही वाटत नाही. सर्वपित्री २१ ला, घटस्थापना २२ ला. २२ ला सुरू करून २४ ला बंद म्हणजे परदेशवाल्यांना तीनच दिवस.

तोडगा असा निघाला. परदेशी पार्सलची जाहीर पोस्टच काढून टाकली. गेल्या वर्षी ज्यांनी परदेशी पाठवलं त्यांची नावं वहीत आहेत. त्यांना गणपतीच्या दिवसांत, पितृपक्षाच्या आधी, काकूंनी व्हॉट्सॲपवर एकेकट्याला मेसेज करायचा. नवीन लोकांसाठी फक्त प्रोफाइलवर एक हायलाइट: कुठल्या देशात जातं, वजन, शेवटची तारीख.

त्यात अमेरिकेची भर. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि आजपासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी बंद झाली. काकूंचं पार्सल खासगी कुरिअरने जातं, पण कुरिअरवाल्यालाही पक्का दर सांगता येईना. कॅलेंडरमधल्या "अमेरिकेला फराळ, किलोला इतके" या ओळीतला दर काढला आणि अमेरिका बाकी देशांपासून वेगळी केली. आठवडाभरात बदलू शकणारा आकडा महिनाभर आधी शेड्यूल करून ठेवू नये. आता अशा ओळींपुढे "टाकण्याआधी विचारा" अशी खूण आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

शुभेच्छांवर निकाल. पुढच्या दोन महिन्यांत शिक्षक दिन, हिंदी दिन, अभियंता दिन, जागतिक पर्यटन दिन असे सगळे दिवस भरलेले होते. वहिनीची अडचण खरी आहे. "सगळे टाकतात, आपण नाही टाकलं तर दुकान बंद पडल्यासारखं वाटतं."

तडजोड केली. गौरी-गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी एवढ्यांनाच ग्रिडमध्ये जागा, आणि तीही काकूंच्या घरच्या फोटोसह, तयार साच्यावर नाही. बाकी दिवस स्टोरीत, चोवीस तासांत जातात. रिकाम्या झालेल्या जागा मुद्दाम भरल्या नाहीत. आठवड्याला सहाच्या जागी तीन पोस्ट.

पदार्थाच्या फोटोंसाठी एक नियम ठेवला: प्रत्येक पोस्टने काकूंना फोनवर विचारला जाणारा एक प्रश्न सोडवायचा. व्हॉट्सॲपवरचे मागचे मेसेज चाळून प्रश्न काढले. चकली किती दिवस टिकते? करंजीत ओलं खोबरं की सुकं? एका किलोत लाडू किती बसतात? चिवडा तिखट आहे का, मुलांना चालेल का? या चार प्रश्नांतून चार पोस्ट झाल्या आणि एकही दुसरीसारखी नाही, फोटो त्याच ताटाचा असला तरी.

२४ सप्टेंबर

अनारशांची रील गेली. काकूंनी नमुन्याचा अर्धा किलो तांदूळ भिजवला होता. वहिनीने टप्प्याटप्प्याने थोडं थोडं चित्रण केलं, खिडकीजवळ, फोनवर, खर्च शून्य. पाणी बदलताना पातेल्यावरचा फेस दिसतो, मग कापडावर पसरलेले तांदूळ, शेवटी खसखशीवर थापलेला अनारसा आणि तुपात उमटणारी जाळी. काकूंचा आवाज: "याला दहा दिवस लागतात, म्हणून दसऱ्यापर्यंत सांगा."

आधीच्या पोस्टपेक्षा लाइक कमी आहेत. शेअर मात्र खूपच जास्त. बायका एकमेकींना पाठवत आहेत, आणि "हे पाहून काय करायचं?" या रकान्यात तेच लिहिलं होतं.

परदेशाची आजची शेवटची तारीख. एकूण १४ पार्सलं, त्यातली ११ काकूंनी गणपतीत केलेल्या मेसेजवरून. अमेरिकेची तीनच. शुल्क पडू शकतं हे आधी सांगितल्यावर बाकीच्यांनी थांबायचं ठरवलं.

४ ऑक्टोबर

अनारशांची ऑर्डर बंद झाली: २१ किलो. गेल्या वर्षी ९. दसऱ्यानंतर आलेल्या पाच जणांना वहिनीने रीलच पाठवली. तिघांनी बेसनलाडू घेतले.

चकलीत फसलो. चकलीची शेवटची तारीख १० ऑक्टोबर ठेवली होती आणि तसं तीनदा सांगितलंही, पण लोक थांबलेलेच आहेत. अनारशांना दहा दिवस लागतात हे पटतं. चकली दुकानातही रोज मिळते, मग आठवडाभर आधी का सांगायची, हे पोस्टमधून पोचलं नाही. घाईने बदल केला: रोज रात्री स्टोरीत "१४ ची चकली : १२ पैकी ९ किलो गेली" असा काकूंच्या वहीतला खरा आकडा. हे कॅलेंडरमध्ये आधी लिहून ठेवता येत नाही, त्यामुळे शीटमध्ये फक्त "वहीवरून" एवढी ओळ.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. नकार द्यावे लागले ते ७ जणांना, सगळे चकलीचे. नवीन नंबरवरून आलेल्या ऑर्डर ३८. त्यांपैकी लिंकमधला शब्द तसाच आलेल्या १६, विचारल्यावर "इन्स्टाग्रामवर पाहिलं" म्हणालेल्या ९, बाकीच्यांचं कळलं नाही. फॉलोअर जवळपास तेवढेच आहेत. बूस्टवर खर्च नाही.

यातलं किती कॅलेंडरमुळे आणि किती काकूंच्या त्या मेसेजमुळे, हे वेगळं काढता येत नाही. स्टोरीतल्या आकड्याने चकलीच्या ऑर्डर थोड्या पुढे सरकल्या असं काकूंना वाटतं, पण ती स्टोरी सुरू झाली ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी घटस्थापनेपासून करून पाहायला हवी.

संक्रांतीचं पान वहिनीने आजच उघडलं. १४ जानेवारी, तिळगुळाचे लाडू आणि गुळपोळी. तिने आधी F रकाना भरला, ऑर्डरची शेवटची तारीख ८ जानेवारी, आणि काकूंना हाक मारली: "आई, गुळपोळी किती दिवस आधी करून ठेवता येते?"